रंग बदललेला रिसोर्स पॅक प्रसिद्ध करायचाय? मूळ कलाकाराला परवानगीचं पत्र असं लिहा

मी माइनक्राफ्टसाठी टेक्स्चर काढतो. माझ्या पॅकचे रंग बदलून तो लोकांपुढे ठेवू का, असं विचारणारे निरोप मला येत असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना मनात असूनही पटकन ‘हो’ म्हणता येत नाही, कारण निरोपात एवढंच असतं: ‘पॅक भारी आहे, रीकलर टाकला तर चालेल का?’ कोणत्या फाइल्स बदलल्या, पूर्ण पॅक टाकणार की फक्त बदललेला भाग, कुठे टाकणार, त्यातून पैसे येणार का, हे सगळं मग मलाच विचारावं लागतं. कामाच्या गडबडीत ते राहून जातं आणि समोरच्याला वाटतं, यांना द्यायचीच नव्हती परवानगी.

म्हणून पत्र असं हवं की वाचणाऱ्याला एका ओळीत उत्तर देता यावं. त्यासाठी लागणारं बरंचसं काम पत्र लिहायला बसण्याआधीचं असतं. ते कसं करायचं, हे एका खऱ्या कामाच्या आधाराने सांगतो. कर्वेनगरला राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाला मी या कामात मदत केली होती. त्याला आवडलेला पॅक ३२ पिक्सेलचा, जुन्या पुणेरी वाड्यांच्या धाटणीचा होता: काळ्या दगडाचं जोतं, वर वीटकाम, सागवानी दारं, कौलारू छप्पर. मूळ पॅकचे रंग एप्रिल-मेच्या उन्हातले होते. याला तोच वाडा जुलैतला हवा होता, म्हणजे भिजून काळपट पडलेली वीट, शेवाळलेला दगड आणि पाणी प्यायलेलं लाकूड.

आधी फाइल्स वेगळ्या काढा

पॅकची झिप उघडून `assets/minecraft/textures` या फोल्डरपर्यंत जा. आपण ज्यांना हात लावणार आहोत त्या फाइल्सची यादी करा आणि प्रत्येक फाइल नेमकी कोणाची, हे स्वतःला विचारा. नवखी मंडळी इथेच घाई करतात. ‘पूर्ण पॅकचा रंग बदलला’ असं ते म्हणतात, पण यादी केली की कळतं, बदल थोड्याच फाइल्समध्ये आहे.

या मुलाला आधी वाटलं होतं की गवत आणि पानं हिरवीगार करायची तर कलाकाराच्या कितीतरी फाइल्स बदलाव्या लागतील. प्रत्यक्षात गवताच्या ठोकळ्याचा वरचा भाग, म्हणजे `grass_block_top.png`, करड्या रंगाचा असतो. त्याला हिरवा रंग गेम देतो, आणि कोणत्या हवामानात कोणता हिरवा द्यायचा ते `colormap/grass.png` या २५६ × २५६ पिक्सेलच्या चित्रावरून ठरतं. ओकसारख्या झाडांच्या पानांसाठी त्याच फोल्डरमध्ये `foliage.png` असते. या दोन फाइल्स त्याने कोऱ्या कॅनव्हासवर स्वतः रंगवल्या. त्यात मूळ कलाकाराचा एकही पिक्सेल नव्हता, त्यामुळे त्यांच्यासाठी परवानगीचा प्रश्नच आला नाही. अर्थात, सगळीच झाडं अशी नाहीत. बर्च आणि स्प्रूसच्या पानांचा रंग गेमच्या कोडमध्येच ठरलेला असतो, आणि चेरीच्या पानांचा रंग थेट टेक्स्चरमध्ये असतो. चेरी बदलायची असेल तर कलाकाराची फाइल घ्यावीच लागते.

गवत-पानं अशी बाजूला निघाल्यावर २३ फाइल्स उरल्या: दगडाच्या ९, वीट आणि टेराकोटाच्या ४, लाकडाच्या ६ आणि दोन प्रकारच्या दारांच्या ४. परवानगी हवी होती ती या २३ फाइल्सची. ‘तुमच्या पॅकचा रीकलर’ असं वाचलं की आपला सगळा पॅक कोणीतरी उचलतंय असं कलाकाराला वाटतं. ‘तुमच्या २३ फाइल्स’ असं वाचलं की तो यादी उघडून बघतो.

तुमच्या पॅकमध्ये `bricks_n.png`, `bricks_s.png` अशा नावांच्या फाइल्स असतील तर त्यांना रंग बदलताना हात लावू नका. त्या चित्रं म्हणून बघायच्या नसतातच. शेडर लावल्यावर प्रकाश कोणत्या दिशेने परावर्तित व्हावा, पृष्ठभाग किती गुळगुळीत दिसावा, ही माहिती त्यांच्या रंगांमध्ये साठवलेली असते. फोल्डरमधल्या सगळ्या पीएनजी एकदम फिल्टरमधून काढल्या की याही बदलतात. शेडर बंद असेल तर काहीच कळत नाही. चालू केला की भिंतीवरचा उजेड भलत्याच बाजूने येतो.

रंग कसा बदलला, हे सांगता आलं पाहिजे

कलाकाराला ‘कोणत्या फाइल्स’ इतकंच ‘कसा बदल’ हेही महत्त्वाचं असतं. सगळ्यावर एकच फिल्टर फिरवलाय की विचार करून रंग निवडलेत, हे चित्र बघताच कळतं. या मुलाने पहिल्या प्रयत्नात सगळ्या फाइल्सची रंगछटा हिरव्याकडे सरकवली. वीट नारिंगी झाली, शेवाळ निळसर झालं आणि काळा दगड होता तसाच राहिला. दगड बदलला नाही कारण करड्या रंगात छटा जवळजवळ नसतेच. नसलेली छटा फिरवून काय फिरणार?

पाऊस पडून गेल्यावर कसबा पेठेतली एखादी जुनी भिंत जवळून बघितली की उत्तर सापडतं. भिजलेली वीट हिरवी होत नाही. ती गडद होते आणि तिचा लाल रंग थोडा दाट होतो. म्हणून विटेसाठी छटेला हात न लावता फक्त उजळपणा कमी केला आणि रंगाची दाटी वाढवली. इमेजमॅजिक हे मोफत साधन वापरून ते असं झालं:

```
magick bricks.png -modulate 82,112,100 bricks_wet.png
```

यातले तीन आकडे अनुक्रमे उजळपणा, दाटी आणि छटा यांचे आहेत, आणि १०० म्हणजे ‘आहे तसं’. नवी फाइल वेगळ्या नावाने काढली, त्यामुळे मूळ फाइल शाबूत राहिली आणि कलाकाराला आधीचं-नंतरचं शेजारी ठेवून दाखवता आलं. पॅकमध्ये घालताना अर्थातच नाव परत `bricks.png` करावं लागतं. दगडासाठी मात्र त्याने करड्याची एकेक पायरी घेऊन तिच्या जागी निवडलेली हिरवट-काळी पायरी हाताने बसवली. त्यात वेळ गेला, पण पत्रात ‘दगडाच्या नऊ फाइल्सचे रंग हाताने निवडले आहेत’ असं खरंखुरं लिहिता आलं. त्या वाक्यामुळे कलाकाराचा सूर बदलला, असं मला त्यांच्या उत्तरावरून वाटलं.

परवाना वाचा

पॅकच्या झिपमध्ये `LICENSE.txt`, `README.txt` किंवा `CREDITS.txt` आहे का बघा. शिवाय पॅक जिथून उतरवला तिथे परवान्याचं नाव दिलेलं असतं, तेही बघा. दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलं असेल तर जे जास्त कडक आहे ते धरून चाला आणि पत्रात तसं विचारा. कुठेच काही लिहिलं नसेल तर त्याचा अर्थ ‘सगळ्यांना खुलं’ असा होत नाही. सगळे हक्क कलाकाराकडेच असतात.

`CC BY 4.0` असेल तर वेगळी परवानगी लागत नाही; श्रेय द्यायचं, परवान्याचा दुवा द्यायचा आणि बदल केलेत हे सांगायचं. तरी कळवावं, असं माझं मत आहे. `CC BY-ND 4.0` मध्ये बदललेली आवृत्ती इतरांना देता येत नाही, त्यामुळे तिथे कलाकाराकडून वेगळी परवानगी घ्यावीच लागते. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो `CC BY-NC-SA 4.0` मध्ये. रीकलर करायला त्याची मुभा आहे, पण तुमची आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्यायची आणि तिच्यातून व्यापारी लाभ घ्यायचा नाही. मॉडरिंथ आणि कर्सफोर्ज यांच्याकडून निर्मात्यांना मोबदला मिळू शकतो. तो व्यापारी लाभ ठरतो का, यावर वाद घालत बसण्यापेक्षा कलाकारालाच सरळ विचारा. आपल्या वाड्याच्या पॅकवर ‘सर्व हक्क राखीव’ असं होतं, त्यामुळे सगळंच विचारायचं होतं.

भारतीय कायद्यातल्या दोन गोष्टी इथे कामाच्या आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कोणत्याही कलाकृतीचा फेरबदल करून केलेला वापर ‘रूपांतर’ या व्याख्येत येतो, म्हणजे ‘मी फक्त रंग बदलला’ ही सबब टिकणारी नाही. दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. या कायद्याच्या कलम ३० प्रमाणे परवाना लेखी लागतो. आणि कलम १९ व ३०-अ एकत्र वाचले तर परवान्यात मुदत लिहिलेली नसेल तेव्हा ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. पॅक तर जगभर उतरवला जातो! म्हणून ‘जगभर’ आणि ‘मुदत’ हे दोन्ही पत्रात लिहायचंच. कलाकार परदेशातला असेल तर तिथला कायदा वेगळा असेल, पण हे दोन शब्द लिहिल्याने कुठेच नुकसान होत नाही.

रंग बदलून फक्त स्वतःच्या संगणकावर खेळायचं असेल तर या पत्राची गरज नाही. पण मित्रांच्या सर्व्हरवर `server.properties` मधल्या `resource-pack=` या ओळीत तुमच्या झिपचा दुवा टाकला, की येणाऱ्या प्रत्येकाला ती फाइल दिली जाते. हेही वाटपच आहे. कॉलेजच्या ग्रुपचा सर्व्हर असला तरी पत्रात त्याचा उल्लेख करा.

पूर्ण पॅक मागू नका

गेममध्ये एकावर एक पॅक लावता येतात. वरच्या पॅकमध्ये जी फाइल नसेल ती खालच्या पॅकमधून घेतली जाते. त्यामुळे बदललेल्या फाइल्सचाच छोटा पॅक करून ‘खाली मूळ पॅक लावा, वर हा लावा’ असं सांगता येतं. या २३ फाइल्स कलाकाराच्या चित्रांवरूनच झालेल्या असल्याने परवानगी तरीही लागतेच. पण मूळ पॅक प्रत्येकाला कलाकाराकडूनच उतरवावा लागतो, त्यांची डाउनलोडची संख्या आणि त्यांचं नाव शाबूत राहतं. कलाकार म्हणून सांगतो, मला कोणी असं विचारलं तर माझा निम्मा संकोच तिथेच जातो. `_n` आणि `_s` फाइल्सही मग मूळ पॅकमधूनच येतात, त्यांची नक्कल करावी लागत नाही.

पत्र

कलाकाराने संपर्कासाठी जी जागा दिली असेल तिथेच लिहा आणि एकाच जागी लिहा. डिस्कॉर्ड, मेल आणि सार्वजनिक प्रतिक्रिया अशा तीन ठिकाणी एकाच वेळी विचारलं की दडपण आणल्यासारखं होतं. टोपणनावावरून समोरची व्यक्ती दादा आहे, ताई आहे की शाळकरी मुलगा आहे, हे कळत नाही. म्हणून ‘नमस्कार’ आणि ‘तुम्ही’ यावर थांबा. ‘ब्रो’ नको, आणि ‘माननीय महोदय’ही नको. मराठी न येणाऱ्या कलाकाराला हाच मजकूर साध्या इंग्रजीत पाठवा, क्रम बदलू नका.

आम्ही पाठवलेलं पत्र असं होतं. नावं काढून टाकली आहेत.

> विषय: तुमच्या वाडा पॅकमधल्या २३ फाइल्सचे रंग बदलून प्रसिद्ध करण्याची परवानगी
>
> नमस्कार,
>
> मी पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो आणि तुमचा वाडा पॅक (३२ पिक्सेल, १.२१ साठीची आवृत्ती) वापरतो. जोत्याच्या दगडांमधल्या सांध्यांना तुम्ही जो किंचित निळा दिला आहे, त्यामुळे दगड खरा वाटतो. रंग बदलताना तो सांधा तसाच ठेवायचा प्रयत्न केला आहे.
>
> त्या पॅकच्या २३ फाइल्सचे रंग मी पावसाळ्यातल्या वाड्यासारखे केले आहेत. रेषा, आकार, नक्षी यात काही बदल नाही. दगडाच्या ९ फाइल्सचे रंग हाताने निवडले आहेत; बाकीच्या फाइल्सचा उजळपणा कमी करून रंगाची दाटी वाढवली आहे. फाइल्सची यादी आणि एकाच जागेवरून घेतलेली आधीची व नंतरची तीन चित्रं सोबत जोडली आहेत. झिप अजून कोणालाही दिलेली नाही.
>
> तुमची परवानगी असेल तर हे असं प्रसिद्ध करायचं आहे:
>
> फक्त या २३ फाइल्स आणि मी स्वतः काढलेल्या गवत-पानांच्या दोन रंगपट्ट्या यांचा वेगळा, छोटा पॅक. तो चालण्यासाठी तुमचा मूळ पॅक तुमच्याच पानावरून उतरवावा लागेल. ठिकाण एकच, मॉडरिंथ, जगभरातल्या खेळाडूंसाठी मोफत. तिथून मिळणारा मोबदला मी घेणार नाही. आमच्या कॉलेजच्या सर्व्हरवरही हा छोटा पॅक लावायचा आहे.
>
> नावात तुमच्या पॅकचं नाव वापरू की नको, हे तुम्ही सांगाल तसं. श्रेय पानाच्या पहिल्या ओळीत, पॅकच्या वर्णनात आणि `CREDITS.txt` मध्ये देईन. परवानगीला मुदत नसावी अशी विनंती आहे. पण तुम्ही कधीही काढून टाकायला सांगितलंत तर सात दिवसांत काढेन. तुमच्या पॅकची नवी आवृत्ती आली तर तिच्यातल्या याच २३ फाइल्सनाही ही परवानगी लागू आहे का, तेही कळवा.
>
> एक शंका: या २३ पैकी सगळ्या फाइल्स तुम्हीच काढलेल्या आहेत ना? एखादी दुसऱ्या कोणाची असेल तर त्यांना वेगळं विचारेन किंवा ती वगळेन.
>
> मान्य असेल तर ‘वरील अटींवर परवानगी आहे’ एवढं लिहिलंत तरी पुरे. काही बदल हवे असतील तर तेही सांगा. नको असेल तर तसं कळवा, मी हे प्रसिद्ध करणार नाही.
>
> (नाव, मॉडरिंथवरचं टोपणनाव)

पत्र थोडं लांब आहे, हे मान्य. पण त्यातलं प्रत्येक वाक्य कलाकाराचा एकेक प्रश्न वाचवतं. कौतुकाचं वाक्य एकच आहे आणि ते सांध्यातल्या निळ्याबद्दल आहे. ज्याने पॅक नीट बघितलाय त्यालाच ते लिहिता येतं. ‘मी तुमचा खूप मोठा चाहता’ असले दोन परिच्छेद वाचताना मला तरी पुढे काय मागणार याचीच धास्ती वाटते.

‘झिप अजून कोणालाही दिलेली नाही’ हे वाक्य लिहायचं असेल तर ते खरं असलं पाहिजे. आधी टाकून मग विचारणं हा सगळ्यात वाईट क्रम. कलाकाराला ‘हो’ म्हणावं लागतं किंवा भांडावं लागतं, मधला रस्ता राहत नाही. चित्रंही प्रामाणिक हवीत. दोन्ही वेळा एकच जागा, `/time set noon`, शेडर बंद. शेडर लावून काढलेल्या चित्रात रंग तुमचे किती आणि शेडरचे किती, ते कळत नाही.

‘सगळ्या फाइल्स तुम्हीच काढलेल्या आहेत ना’ हा प्रश्न विचारताना अवघडल्यासारखं होतं, पण तो गाळू नका. पुष्कळ पॅक मित्रमंडळींनी मिळून केलेले असतात, आणि जे चित्र आपलं नाही त्याची परवानगी कलाकार देऊच शकत नाही.

उत्तर आल्यावर

आम्हाला आठवड्याने उत्तर आलं. परवानगी होती, पण दोन अटींवर. पॅकच्या नावात मूळ पॅकचं नाव नको, कारण लोक अडचणी आल्या की मूळ कलाकारालाच विचारायला जातात. आणि चारही दारांच्या फाइल्स त्यांच्या एका मित्राने काढलेल्या होत्या, त्या त्यांच्या हातात नव्हत्या. म्हणजे शंका खरी निघाली. मित्राचा पत्ता त्यांनी दिला, आम्ही त्यालाही असंच, छोटं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तेव्हा दारं वगळली आणि पॅक १९ फाइल्सचा झाला. दारं उन्हाळ्यातली आणि भिंती पावसातल्या, हे थोडं खटकतं, पण त्यावर दुसरा उपाय नाही. एकाची परवानगी दुसऱ्याच्या चित्राला लावता येत नाही.

अटींसह होकार आला की त्या अटी स्वतःच्या शब्दांत परत लिहून पाठवा: ‘नावात तुमच्या पॅकचं नाव नसेल, दारांच्या चार फाइल्स वगळल्या, बाकी सगळं पत्राप्रमाणे. बरोबर ना?’ यावर आलेलं ‘बरोबर’ हे तुमचं खरं परवानगीपत्र. ते मूळ पत्रासकट, तारीख दिसेल अशा रीतीने जपून ठेवा. डिस्कॉर्डवर बोलणं झालं असेल तर चित्र काढून ठेवाच, शिवाय जमल्यास मेलवर एक ओळ मागा. चॅटमधला संदेश पाठवणाऱ्याने पुसला की गेला. उत्तर ज्या खात्यावरून पॅक प्रसिद्ध झालाय त्याच खात्यावरून किंवा तिथे दिलेल्या पत्त्यावरून आलंय का, हेही बघून घ्या.

पुण्यात कधीकधी कलाकार समोरच भेटतो. एखाद्या गेम जॅमला, नाहीतर अमृततुल्यात चहा घेताना विषय निघतो आणि ते म्हणतात, ‘अरे, टाक की, त्यात काय विचारायचं!’ मनापासून म्हणतात, पण ते लेखी नाही. त्याच दिवशी घरी जाऊन ‘आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून हेच पत्र पाठवा आणि एका ओळीचं उत्तर मागा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मजकूरही लेखी धरला जातो, त्यामुळे कागदावर सही मागत बसायची गरज नाही. कलाकार अठरा वर्षांखालचा आहे असं कळलं तर आई-वडिलांकडूनही होकार येऊ द्या. अल्पवयीन मुलाने केलेला करार आपल्याकडे कायद्याने टिकत नाही.

उत्तरच आलं नाही तर साधारण दोन आठवड्यांनी एकदा, फक्त एकदाच, आठवण करा. त्यानंतरही शांतता असेल तर ती नकार समजा. ‘इतक्या दिवसांत उत्तर आलं नाही तर होकार समजेन’ असं काही जण पत्रात लिहितात. तसं समजायचा अधिकार तुम्हाला नाही, आणि ते वाक्य वाचून होकार देणाऱ्या माणसाचाही विचार बदलतो.

नकार आला तर कारण मागू नका, आभार माना. तरीही केलेलं काम पूर्ण वाया जात नाही. स्वतः काढलेल्या रंगपट्ट्या वेगळा पॅक म्हणून देता येतात. आणि कोणत्या फाइलला कोणते आकडे लावायचे, म्हणजे वर दिलेल्या आज्ञेसारख्या ओळी, त्या चित्रांशिवाय लोकांना देता येतात. खेळाडू स्वतःच्या प्रतीवर, स्वतःपुरत्या त्या चालवेल. हाताने रंगवलेला दगड यातून देता येत नाही, ही या वाटेची मर्यादा. पण नकार देताना कलाकाराने ‘असलं काहीच नको’ असं स्पष्ट म्हटलं असेल, तर मी हीसुद्धा वाट धरणार नाही.

प्रसिद्ध करताना

`pack.mcmeta` मधलं वर्णन पॅक निवडायच्या पडद्यावर दिसतं. तिथे श्रेय असं:

```json
{
  "pack": {
    "pack_format": 34,
    "description": "Monsoon recolor. Original: ARTIST. Used with permission."
  }
}
```

`ARTIST` च्या जागी कलाकाराला हवं तसं टोपणनाव, स्पेलिंग त्यांनी लिहिलं तेच. ३४ हा आकडा १.२१ आणि १.२१.१ साठीचा आहे, तुमची आवृत्ती वेगळी असेल तर तिथे तिला काय लागतं ते बघून लिहा. `CREDITS.txt` मध्ये मूळ पॅकचा दुवा, बदललेल्या फाइल्सची यादी, परवानगीची तारीख आणि तुमच्या स्वतःच्या दोन फाइल्स कोणत्या, हे लिहा. ‘परवानगी फक्त मला आहे, यावरून पुढे काही करायचं असेल तर मूळ कलाकाराला विचारा’ ही ओळही घाला. नाहीतर तुमच्या पॅकवरून तिसरा कोणीतरी रीकलर करतो आणि तुम्ही दिलेल्या होकारावर समाधान मानतो. तुम्हाला तो होकार देताच येत नाही. परवाना निवडायच्या जागी ‘सर्व हक्क राखीव’ हाच पर्याय ठेवा, कारण या १९ चित्रांवर खुला परवाना लावणं तुमच्या हातात नाही.

पान सगळ्यांना दिसण्याआधी त्याचा खासगी दुवा आणि झिप कलाकाराला दाखवा. आमच्या बाबतीत तिथेच एक गोष्ट निघाली: पॅकच्या छोट्या चित्रात, म्हणजे `pack.png` मध्ये, मुलाने दाराचाच फोटो लावला होता. दारं वगळली होती, चित्र बदलायचं राहून गेलं होतं. त्याने तिथे भिजलेल्या विटेचा तुकडा लावला आणि मग पान खुलं केलं. मूळ पॅकची नवी आवृत्ती आली की त्या १९ फाइल्स नव्या झिपमधल्या फाइल्सशी ताडून बघायच्या. एखादी कलाकाराने नव्याने काढली असेल तर जुनीवरून केलेला रीकलर काढून नव्यावरून करायचा. नव्या आवृत्तीसाठी त्यांनी पत्रात होकार दिला नसेल, तर आधी दोन ओळी लिहून तो मागायचा.